‘एका मिनिटाची’ ओपनिंग दर वेळी दीड मिनिटावर का जाते?

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते. ‘स्क्रिप्ट बरोबर मिनिटाची लिहिली होती, रेकॉर्ड केल्यावर दीड मिनिट भरली. परत लिहिली, परत तेच.’ शैक्षणिक पॉडकास्टचं संपादन करून देणं हे माझं काम. एरंडवण्यातल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये मागच्या खोलीला गाद्या-चादरी लावून केलेला स्टुडिओ आहे. तिथं येणारे होस्ट बहुतेक शिक्षक असतात. पन्नास मिनिटांचा तास घड्याळाकडे न बघता वेळेत संपवणारी ही माणसं, पण पहिल्या एका मिनिटात हमखास अडकतात.

गेल्या पावसाळ्यात एका भूगोलाच्या मॅडमबरोबर हे दुखणं मुळापासून तपासायला मिळालं. त्यांची ओपनिंग सलग तीन भागांत लांबली होती, आणि प्रत्येक वेळी आम्ही वेगळ्याच गोष्टीला दोष दिला होता. एकदा म्युझिकला, एकदा माइकला, एकदा त्यांच्या सर्दीला. चौथ्या भागाचा विषय होता पानशेतचा पूर. तेव्हा म्हटलं, आता अंदाज बंद, मोजूनच बघू. तीच केस इथं मांडतो, कारण नंतर आलेल्या बहुतेक ओपनिंगांत मला हेच दोष याच क्रमानं सापडले.

मॅडमची स्क्रिप्ट कागदावर १४८ शब्दांची होती. नेटवर त्यांनी वाचलं होतं की माणूस मिनिटाला दीडशे शब्द बोलतो, म्हणून १४८. हिशोब चोख होता. रेकॉर्डिंग भरलं १ मिनिट ३८ सेकंद.

पहिला दोष: दीडशे शब्दांचा हिशोब मराठीचा नाही

तो आकडा इंग्रजी वाचनाचा आहे. इंग्रजीत ‘इन द ओल्ड सिटी’ म्हटलं की चार शब्द झाले. आपण ‘जुन्या शहरात’ म्हणतो, दोन शब्दांत काम होतं. आपले विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे मराठी शब्द संख्येनं कमी पण लांबीला जास्त असतात. ‘शहरातल्यांपर्यंतसुद्धा’ हा मोजताना एक शब्द आहे, पण मोठ्यानं बोलून बघा किती वेळ लागतो. तोंडाला वेळ लागतो तो अक्षरांचा, मधल्या मोकळ्या जागांचा नाही.

म्हणून दुसऱ्याचा आकडा घ्यायचाच नाही, स्वतःचा काढायचा. मॅडमच्या आधीच्या भागातला मधला तीन मिनिटांचा तुकडा मी घेतला. मधलाच घ्यायचा, कारण सुरुवातीला माणूस बिचकलेला असतो आणि शेवटी घाईत असतो. त्या तुकड्यातलं बोलणं लिहून काढलं, शब्द मोजले. ३३० निघाले. म्हणजे मिनिटाला ११०. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा वेग १०० ते १२५ च्या दरम्यान निघतो. १३० च्या वर कुणी गेलं तर मी तुकडा पुन्हा ऐकतो, बहुतेक वेळा त्यात वाक्यांचे शेवट गिळलेले असतात.

आता ११० च्या वेगानं १४८ शब्दांना साधारण ८१ सेकंद लागायला हवेत. सुरुवातीच्या ट्यूनचे चौदा सेकंद वजा केले तर लागले होते ८४. हे वरचे तीन सेकंद कुठून आले ते शोधण्यात माझा अर्धा तास गेला, आणि ते सापडलं तेव्हा हसू आलं. स्क्रिप्टमध्ये तारीख ‘१२/०७/१९६१’ अशी लिहिली होती. मोजताना तो एक शब्द. बोलताना? ‘बारा जुलै एकोणीसशे एकसष्ट’, चार शब्द. खाली आणखी दोन आकडे असेच होते. कागदावर अंक जागा वाचवतात आणि रेकॉर्डिंगमध्ये तीच जागा व्याजासकट वसूल करतात. तेव्हापासून ओपनिंगच्या स्क्रिप्टमध्ये एकही अंक अंकात लिहू देत नाही. ‘एकोणीसशे एकसष्ट’ असंच लिहायचं. एक फायदा असाही झाला की ऐन टेकमध्ये ‘एकसष्ट की एकोणसत्तर’ असं अडखळणं थांबलं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. घरी स्टॉपवॉच लावून स्क्रिप्ट पुटपुटून बघण्याला काही अर्थ नाही. पुटपुटताना आपण श्वास घेत नाही, जोडाक्षरं अर्धवट सोडतो, आणि प्रश्नानंतर थांबत नाही. मॅडमनी तशी स्क्रिप्ट मोजली होती तेव्हा ५८ सेकंद आले होते, म्हणून तर त्या इतक्या ठाम होत्या. मोजायचंच असेल तर उभं राहून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला सांगतोय अशा आवाजात, एकदाच, आणि फोनवर रेकॉर्ड करून.

दुसरा दोष: विषय यायलाच उशीर

शब्द जास्त झाले हे कळल्यावर पहिली इच्छा होते ती शब्द कापायची. मॅडमनी लगेच पेन घेतलं. मी थांबवलं, कारण काय कापायचं हे कळण्याआधी कापलं तर नेमकं मांस जातं आणि हाडं राहतात. आधीच्या एका भागात हेच झालं होतं. चांगलं उदाहरण गेलं होतं, आणि ‘मनःपूर्वक स्वागत’ शाबूत होतं.

त्याऐवजी हे करा. ओपनिंगचं रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, चालू करा, आणि तीन ठिकाणी खूण घाला. चालू असताना खूण घालायची की आहे `Ctrl+M`. पहिली खूण, विषयाचं नाव जिथं पहिल्यांदा ऐकू येतं तिथं. ‘आजचा विषय’ हे शब्द नव्हेत, खुद्द नाव. दुसरी, होस्टचं नाव जिथं येतं तिथं. तिसरी, ओपनिंग संपून खरा भाग जिथं सुरू होतो तिथं. या तीन आकड्यांत सगळा आजार दिसतो.

मॅडमच्या स्क्रिप्टची सुरुवात अशी होती. नावाच्या जागी अमुक अमुक लिहितो.

> नमस्कार श्रोतेहो! कसे आहात सगळे? आपल्या लाडक्या पॉडकास्टच्या या नवीन भागामध्ये आपल्या सर्वांचं मनःपूर्वक स्वागत आहे. मागील भागाला आपण जो उदंड प्रतिसाद दिलात, त्याबद्दल सर्वप्रथम मी आपले मनापासून आभार मानते. मी आपली होस्ट अमुक अमुक, भूगोल विषयाची प्राध्यापिका असून गेली २२ वर्षं अध्यापनाच्या क्षेत्रात कार्यरत आहे. आजच्या या भागामध्ये आपण पुणे शहराच्या इतिहासातील एका अत्यंत महत्त्वाच्या घटनेविषयी सविस्तर जाणून घेणार आहोत. ती घटना म्हणजे १२/०७/१९६१ रोजी झालेली पानशेत धरणफुटी.

याच्याआधी १४ सेकंदांची सिग्नेचर ट्यून. ‘पानशेत’ हा शब्द कानावर पडला ५३ व्या सेकंदाला. मिनिट संपत आलं तरी ऐकणाऱ्याला विषय कुठला हेच माहीत नव्हतं. बसमध्ये कानात इअरफोन घालून बसलेल्या मुलाचा अंगठा तोपर्यंत दोनदा स्क्रीनवर गेलेला असतो.

हा सगळा साचा कार्यक्रमाच्या सूत्रसंचालनाचा आहे. सभागृहात माणसं खुर्च्या शोधत असतात, मागून कुणीतरी चहाचे कप आणत असतं, तेव्हा अर्धं मिनिट स्वागतात घालवणं योग्यच. तिथं ते शब्द लोकांना बसायला वेळ देतात. पॉडकास्ट लावणारा माणूस मात्र आधीच बसलेला असतो. त्यानं नाव बघून, बोट दाबून तुम्हाला लावलंय. त्याचं स्वागत कसलं करता, उलट तोच तुम्हाला घरात घेतोय.

माझं माप असं: विषयाचं नाव पहिल्या दहा सेकंदांत यायला हवं, ट्यूनसकट. त्यासाठी बहुतेक वेळा ट्यून मागे सरकवावी लागते. आधी आवाज, मग ट्यून. यावर मॅडम म्हणाल्या, ‘अहो, पण नमस्कार न म्हणता एकदम धरण फोडायचं? उद्धट नाही वाटणार?’ प्रश्न रास्त होता. त्यावर खाली येतो.

तिसरा दोष: शेपूट असलेली वाक्यं

कुठल्याही ओपनिंगमध्ये दोन-तीन वाक्यं अशी असतात की ती एकटी येत नाहीत, मागून खुलाशाचं शेपूट घेऊन येतात. ती ओळखता आली की निम्मं काम झालं.

मॅडमच्या स्क्रिप्टच्या उत्तरार्धात पुरातल्या मृतांचा आकडा होता. हा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा दिलेला आढळतो. मॅडम शिक्षिका असल्यानं त्यांना एकच आकडा ठोकून देणं पटेना, म्हणून पुढं ‘काहींच्या मते इतके, तर काहींच्या मते’ असं लांबलचक वाक्य आलं. बारा सेकंद गेले. आकडा द्यायचा तर खुलासा हवाच, त्यात त्यांचं चुकलं नव्हतं. चुकली होती जागा. ज्या गोष्टीवर मतभेद आहेत ती ओपनिंगमध्ये आणलीत की एक तर खोटं बोलावं लागतं, नाही तर वेळ द्यावा लागतो. तो भाग आम्ही आठव्या मिनिटाला नेला, तिथं त्याला सावकाश दीड मिनिट मिळालं.

दुसरं शेपूट व्याख्येचं. नदीकाठच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा दाखवतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. मॅडमनी हे ओपनिंगमध्येच समजावलं होतं. वर ‘याचा अर्थ २५ वर्षं पूर येणार नाही असा नव्हे’ हेही जोडलं होतं, कारण वर्गात मुलं हमखास तोच गैरसमज करून घेतात. अकरा सेकंद. आता ऐकणाऱ्याच्या बाजूनं बघा. ओपनिंगमध्ये त्याला निळी पूररेषा नावाची काही चीज आहे आणि तिचा आपल्या घराशी संबंध आहे एवढंच कळलं तरी पुरे. उलट थोडं अडलेलं बरं. शिक्षकांना हे जड जातं, कारण न समजावलेला शब्द फळ्यावर ठेवून पुढं जायची त्यांना सवय नसते.

तिसरं शेपूट ओळखीचं. ‘२२ वर्षं कार्यरत’ म्हटलं की पुढं कुठं, काय, कोणते पुरस्कार हे सुरू होतं. मी मॅडमना विचारलं, ‘पानशेतवर तुम्हीच का बोलायचं? इतिहासाचे सर का नाहीत?’ त्या जरा चिडल्या. मग म्हणाल्या, ‘कारण मी दरवर्षी मुलांना समोच्च रेषा शिकवताना पानशेतच घेते. पाणी कुठं चढलं आणि कुठं नाही हे उंचीवरून दाखवता येतं.’ मी म्हटलं, हीच तुमची ओळख. पदव्या भागाच्या वर्णनात लिहा, तिथं वाचणारे वाचतात.

दुरुस्त केलेली ओपनिंग

एक तास घासाघीस करून जे उरलं ते असं:

> बुधवार, बारा जुलै, एकोणीसशे एकसष्ट. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मुठा काठ सोडून पुण्यात शिरली, आणि त्याच दिवशी खालचं खडकवासलाही फुटलं. नारायण पेठ, शनिवार पेठ, डेक्कन, घरंच्या घरं पाण्यात गेली. वर पर्वतीवर मात्र लोक कोरडे उभे होते. एकच शहर, एकच पूर. मग पाणी कुठल्या गल्लीत शिरणार आणि कुठल्या गल्लीत नाही, हे ठरवतं कोण?
>
> (ट्यून, चार सेकंद)
>
> नमस्कार, मी अमुक अमुक. कॉलेजात भूगोल शिकवते, आणि नकाशावरच्या उंचीच्या रेषा मुलांना समजावताना दरवर्षी पानशेतचंच उदाहरण घेते.
>
> पुढच्या वीस मिनिटांत आपण मुठेच्या काठानं चालणार आहोत. शेवटी तुमचं घर निळ्या पूररेषेच्या आत आहे की बाहेर, हे नकाशावर कसं बघायचं ते तुम्हाला कळलेलं असेल.

एकूण ९४ शब्द. पहिल्या परिच्छेदात ५२, ओळखीत १७, शेवटी २५. मिनिटाला ११० च्या वेगानं ५१ सेकंद, ट्यूनचे चार, म्हणजे ५५. प्रत्यक्षात ५६ भरले. ‘पानशेत’ ऐकू येतो चौथ्या सेकंदाच्या आसपास.

‘नमस्कार’चा प्रश्न असा सुटला. आधीच्या खर्ड्यात तो नव्हता, शब्द ९३ होते. मॅडमना ते अजिबात रुचेना. ‘माझी आई ऐकते हा पॉडकास्ट’ असं त्या म्हणाल्या, आणि या युक्तिवादाला उत्तर नसतं. मग तो ट्यूननंतर, नावाच्या आधी ठेवला. तिथं तो एक शब्द फार गोड लागतो. आधी गोष्ट सांगून झाली, मग माणूस समोर येऊन हात जोडतो. कीर्तनात नाही का, निरूपणाला सुरुवात होण्याआधी अभंग म्हणून झालेला असतो.

क्रमाबद्दल थोडं. पहिल्या परिच्छेदात माहिती आहे, पण उत्तर नाही. मधल्या एका खर्ड्यात मॅडमनी ‘हे ठरतं जमिनीच्या उंचीवरून’ असं लगेच लिहून टाकलं होतं. वाक्य खरं, पण मग पुढची वीस मिनिटं कशासाठी ऐकायची? शिवाय ते उत्तर अर्धंच आहे. पुलांनी अडवलेलं पाणी, नाल्यांतून उलटं चढलेलं पाणी, हे सगळं भागात येणार होतं. म्हणून प्रश्न उघडा ठेवला. शेवटच्या वाक्यातलं वचन मात्र नेमकं आहे. ‘खूप काही शिकायला मिळेल’ असं म्हणून उपयोग नाही, कारण ते पाळलं की नाही हे कुणाला तपासता येत नाही. घर रेषेच्या आत की बाहेर हे नकाशावर बघता येणं, हे तपासता येतं. भाग संपल्यावर मी स्वतः बघितलं. सुदैवानं आमची बिल्डिंग बाहेर निघाली.

‘भागामध्ये’चं ‘भागात’, ‘जाणून घेणार आहोत’चं सरळ क्रियापद, ‘अध्यापनाच्या क्षेत्रात कार्यरत’चं ‘शिकवते’, हे बदल वाटेत आपोआप झाले. त्यासाठी वेगळं बसावं लागलं नाही. माणूस काय सांगायचं हे ठरवून बोलायला लागला की भाषाही बोलायची होते.

वेळ बसली, पण ऐकवत नाही

याची एक उलटी तऱ्हाही बघायला मिळते. होस्ट शब्द कापत नाही आणि वेग वाढवतो. घड्याळात ५९ सेकंद येतात, सगळे खूश. मग ऐकताना दम लागतो. ओळखायचं कसं? तीन जागा तपासा. एक, सहायक क्रियापदं: ‘चालणार आहोत’चं ‘चालणारोत’ झालंय का. दोन, तारीख: ‘एकोणीसशे’ मधला ‘णी’ ऐकू येतो का. तीन, प्रश्नानंतर थांबलेत का. आवाजाच्या रेघोट्या स्क्रीनवर बघितल्या तरी कळतं. नीट बोललेल्या ओपनिंगमध्ये वाक्यांच्या मधे सपाट पट्टे दिसतात, पळवलेलीत सलग झाडी दिसते.

हेच काम काही जण नंतर सॉफ्टवेअरकडून करून घेतात. ऑडॅसिटीत `Truncate Silence` नावाचा इफेक्ट आहे, ठरवलेल्या लांबीपेक्षा मोठी शांतता तो आपोआप आखडतो. लांब मुलाखतीत उपयोगी आहे, मीही वापरतो. ओपनिंगवर लावला की पहिला बळी जातो तो प्रश्नानंतरच्या दीड सेकंदाचा. ‘हे ठरवतं कोण?’ आणि लगेच ट्यून अंगावर आदळते, ऐकणाऱ्याला विचार करायला क्षणही मिळत नाही. इफेक्टला काय माहीत, कुठली शांतता आळसाची आहे आणि कुठली मुद्दाम ठेवलेली. ओपनिंग नेहमी निवड करून त्यातून वगळतो.

ट्यूनबद्दल एकच सांगतो. चौदा सेकंदांची ट्यून तयार करून घेतली, पैसे दिले, म्हणून पूर्ण वाजवलीच पाहिजे असा नियम नाही. पूर्ण ट्यून शेवटी वाजवा. सुरुवातीला तिची ओळखीची चार सेकंदांची सुरावट पुरते. ‘नमस्कार’च्या खाली ती विरत जायला हवी. आवाज सुरू झाल्यावरही ती तितक्याच जोरात वाजत राहिली, तर बोलणारा नकळत सावकाश आणि मोठ्यानं बोलतोय असं वाटतं, आणि ओपनिंग मोजायला ५६ सेकंदांची असून कानाला लांब लागते.

एकच वाक्य नंतर रेकॉर्ड करून जोडलं तर?

चालतं, पण त्याच दिवशी, त्याच खोलीत. आमचा अनुभव कडू आहे. ओळखीचं एक वाक्य मॅडमनी दोन दिवसांनी संध्याकाळी येऊन दिलं. मूळ टेक दुपारचा होता. दुपारी एक ते चार पुणं झोपतं हा विनोद आता शिळा झाला, पण रेकॉर्डिंगवाल्यांसाठी ती वेळ खरंच सोन्याची आहे. संध्याकाळी मागच्या रस्त्यावरच्या रिक्षा, वरच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी, त्यात पाऊस. ते एक वाक्य शेजारच्या घरातून बोलल्यासारखं ऐकू आलं. शेवटी ५६ सेकंदांची अख्खी ओपनिंग परत केली. ती आहेच एवढीशी, तुकडा जोडत बसण्यापेक्षा सगळी परत घेणं स्वस्त पडतं. आता तर मी ओपनिंग भागाच्या शेवटी रेकॉर्ड करून घेतो. वीस मिनिटं बोलून आवाज मोकळा झालेला असतो, आणि भागात प्रत्यक्षात काय सांगितलं हे माहीत असल्यानं वचनही खोटं पडत नाही.

पाहुणा असेल तर हा साचा थोडा मोडतो. दोन ओळखी एका मिनिटात कोंबल्या की दोन्ही वाया जातात. तिथं सुरुवातीच्या प्रश्नाच्या जागी पाहुण्याच्याच बोलण्यातला आठ-दहा सेकंदांचा तुकडा लावा आणि होस्टनं पाहुण्याची ओळख एका वाक्यात करून द्यावी. बाकीची ओळख गप्पांमधून होऊ द्या.

चार भागांनी परत तेच

हे दुखणं एकदा बरं होऊन संपत नाही. पानशेतनंतर तीन भाग मॅडमची ओपनिंग मिनिटाच्या आत राहिली. चौथ्याला १ मिनिट ९ सेकंद. स्क्रिप्ट काढून बघितली. मूळ मजकूर ९१ शब्दांचा होता. त्यात ‘तांत्रिक साहाय्यासाठी’ म्हणून माझे आभार घुसले होते, ‘आवडल्यास मित्रांना पाठवा’ घुसलं होतं, आणि मागच्या भागातल्या एका चुकीची दुरुस्ती. प्रत्येकाला कारण होतं. एक-एक वाक्य घेतलं तर कुणीही नाही म्हणणार नाही. असंच भरतं ते.

आभार आणि ‘पाठवा’ शेवटी नेलं. चुकीच्या दुरुस्तीवर आमचा थोडा वाद झाला. मॅडमचं म्हणणं, चूक केली तर ती लगेच, सगळ्यांसमोर, आधी कबूल करावी. मला ते पटतं. पण ज्यानं मागचा भाग ऐकलाच नाही, त्याला हा भाग चुकीच्या कबुलीनं सुरू होताना कसा वाटेल? शेवटी ती दुरुस्ती ओपनिंग संपल्यावर, भागाच्या पहिल्या वाक्यात ठेवली. माझे आभार काढून टाकताना मात्र मॅडमना संकोच वाटत होता.

आता त्यांच्या वहीत पहिल्या पानावर पेन्सिलनं ‘११०’ लिहिलेलं आहे आणि खाली ‘९५ च्या वर नको’. मागच्या आठवड्यात स्क्रिप्ट आली ती ९७ ची. फोन केला तर म्हणाल्या, ‘दोन शब्द तुम्ही काढा, मला सगळेच आवडलेत.’ मी ‘अत्यंत’ आणि ‘महत्त्वाचा’ काढले.